चष्म्यातला काळा ठिपका

नमस्कार श्रोतेहो. मी जलरंगात व्यक्तिचित्रं काढतो आणि आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका पुरवणीत वारीतल्या एका आजींचा फोटो आला होता. डोक्यावर तुळशीवृंदावन, पावसासाठी अंगाभोवती घेतलेला प्लास्टिकचा कागद आणि जाड काचांचा चष्मा. मी तो कापून ठेवला आणि महिन्याभरात त्यावरून मोठं चित्र केलं. आमच्या गावच्या प्रदर्शनात ते पहिल्याच दिवशी विकलं गेलं. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला, मग मला जवळ बोलावून त्यानं चष्म्याच्या एका काचेकडे बोट दाखवलं. तिथे मी एक काळपट ठिपका रंगवला होता, फोटोत होता म्हणून.

‘सर, हा मी आहे,’ तो म्हणाला. ‘फोटो काढताना छत्री धरून उभा होतो.’

माझ्याकडे ठेवणीतली उत्तरं तयार होती. माध्यम बदललंय, मागची गर्दी गाळलीय, लुगड्याचा रंग वेगळा आहे. आम्हा चित्रकारांत एक समजूतही फिरत असते, की तीस टक्के बदल केला की चित्र आपलं. तर श्रोतेहो, असा कुठलाही टक्का कायद्यात नाही. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा फोटोला चित्रासारखीच कलाकृती मानतो. फोटो काढणारा हा तिचा कर्ता, आणि हा हक्क मिळायला नोंदणीसुद्धा लागत नाही. ती कलाकृती कोणत्याही भौतिक रूपात पुन्हा उतरवण्याचा हक्क मालकाचा असतो. सपाट फोटोवरून मूर्ती घडवली तरी ते त्यातच येतं, मग कागदावरचा जलरंग कसा सुटेल? घरी सरावासाठी काढलेलं चित्र वेगळं, खासगी वापराला कायदा मोकळीक देतो. मी मात्र ते टांगलं होतं आणि विकलं होतं.

पण त्या तरुणाचं नेमकं काय होतं? आजींचा चेहरा त्याच्या मालकीचा नव्हता. वारीही नव्हती, डोक्यावरची तुळसही नव्हती. मी स्वतः दिवे घाटात जाऊन त्याच आजींना रेखाटलं असतं, तर त्याला एक शब्द बोलता आला नसता. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1978 सालीच सांगितलंय. त्याचं होतं ते एवढंच: कुठून पाहिलं, कोणत्या क्षणी टिपलं, उजेड कुठून घेतला, चौकट कुठे कापली. आणि नेमकं तेच सगळं मी उचललं होतं.

याच प्रश्नावर अमेरिकेत मोठा खटला झाला, तो सांगण्यासारखा आहे. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी 1981 मध्ये गायक प्रिन्सचे स्टुडिओत फोटो काढले. त्याच्या गालांची हाडं उठून दिसावीत असा प्रकाश लावला, ओठांना चकाकी आणि पापण्यांना रंग लावायला दिला. 1984 मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकानं त्यातला एक फोटो चित्रकाराला संदर्भ म्हणून चारशे डॉलर देऊन घेतला. अट अशी की त्यावरचं चित्र एकदाच छापायचं आणि बाईंचं नाव द्यायचं. चित्रकार होते अँडी वॉरहॉल. मासिकानं अट पाळली. वॉरहॉलनी मात्र त्या एका फोटोवरून एकूण सोळा चित्रं केली, आणि बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

2016 मध्ये प्रिन्स वारला. व्हॅनिटी फेअरच्याच प्रकाशन कंपनीनं खास अंक काढला आणि मुखपृष्ठासाठी त्या सोळांतलं नारिंगी चित्र वॉरहॉल यांच्या पश्चात काम पाहणाऱ्या फाउंडेशनकडून दहा हजार डॉलरना घेतलं. बाईंना पैसाही नाही, नावही नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे 2023 मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल बाईंच्या बाजूनं लागला. वॉरहॉलची शैली वेगळी आहे हे कुणीच नाकारलं नाही. पण प्रिन्सवरच्या लेखासोबत प्रिन्सचं चित्र छापायला देणं, हा फोटोग्राफरचाही धंदा आहे. तेच काम त्याच बाजारात करायचं असेल, तर नुसतं ‘मी त्याला नवा अर्थ दिला’ म्हणणं पुरत नाही. ती चित्रं संग्रहालयात लावण्याबद्दल न्यायालयानं निवाडा दिलेला नाही, हेही लक्षात ठेवा.

मला त्यातली एक बारीक गोष्ट विसरता येत नाही. खालच्या अपील न्यायालयानं नोंदवलं होतं, की गोल्डस्मिथबाईंनी प्रकाशासाठी लावलेल्या छत्र्यांचं प्रतिबिंब प्रिन्सच्या डोळ्यांत पडलं होतं, आणि ते वॉरहॉलच्या चित्रांतही उतरलं आहे. हे वाचलं आणि मला माझ्या आजींचा चष्मा आठवला.

अमेरिकेचा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण आपल्याकडे चित्रकाराची बाजू तिथल्यापेक्षाही अवघड आहे असं मला वाटतं, कारण आपल्या कायद्यात परवानगीशिवाय चालणाऱ्या रास्त वापराची कारणं मोजून दिली आहेत: खासगी वापर किंवा संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. विक्रीचं चित्र त्यात कुठे बसवणार?

तर त्या तरुणाला काय मागता आलं असतं? चित्र रंगवायला आणि विकायला परवानगी, आणि तिचा मोबदला. शिवाय दोन गोष्टी पैसे घेतल्यावरही त्याच्याच राहतात: कर्ता म्हणून आपलं नाव, आणि आपल्या अब्रूला धक्का लागेल अशी कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क. त्यानं दोनच गोष्टी मागितल्या. चित्राखालच्या पट्टीवर नाव, आणि कॅलेंडर नको. कॅलेंडरची बोलणी मी आदल्या दिवशीच सुरू केली होती, हे त्याला कसं कळलं देव जाणे. किमतीतला थोडा हिस्सा मीच दिला. चित्राच्या नव्या मालकांनाही फोन करून सगळं सांगितलं. तो फोन सोपा नव्हता.

मग आम्ही चहा मागवला आणि एका कागदावर लिहून काढलं. कोणता फोटो, त्यावरून किती चित्रं, मूळ चित्र विकता येईल का, प्रिंट काढता येतील का, स्पर्धेला पाठवता येईल का, नाव कुठे यावं. मुदत आणि प्रदेशही लिहिला. हे दोन लिहिले नाहीत, तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. एखादं चित्र परदेशातल्या मराठी मंडळींच्या प्रदर्शनात पाठवायचं असेल, तर हीच ओळ आडवी येते.

एक अपवाद मात्र माहीत असू द्या, कारण लोक घरचे फोटो घेऊन येतात आणि आजोबांचं चित्र काढून मागतात. पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, उलटा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. लग्नाच्या अल्बमचंही तेच. तिथे परवानगी स्टुडिओकडे नव्हे, बहुधा त्या घरच्यांकडेच मागायची, आणि फोटोग्राफरला हा हक्क स्वतःकडे हवा असेल तर त्यानं आधीच लिहून घ्यायचं.

तो तरुण अजून दर आषाढात घाटातून मला फोटो पाठवतो. खाली न चुकता एक ओळ असते: ‘सर, एक चित्र, प्रिंट नाही.’ आणि मी पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यावर चष्मा आहे का ते पाहतो.