टाउक प्लॉट: पट्टी कुठे ठेवायची?

[दृश्य: तापलेली पाटी, काचेवर पडणारा बारीक फवारा]

काच ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली आहे. झिंक अ‍ॅसिटेटचं द्रावण हवेच्या दाबाने तिच्यावर फवारलं जातंय. थेंब टेकतो न टेकतो तोच पाणी उडून जातं, अ‍ॅसिटेट फुटतं आणि मागे झिंक ऑक्साइड उरतं. फवारा थांबेपर्यंत २०० नॅनोमीटरचा थर बसलेला असतो.

[दृश्य: चिमट्यात धरलेली काच, पलीकडे खिडकी]

यातून खिडकी स्वच्छ दिसते. डोळ्याला दिसणारा उजेड या थराला अडत नाही. अडतो तो अतिनील. नेमका कुठून अडायला लागतो, ते आता पाहू.

[दृश्य: स्पेक्ट्रोमीटरचं झाकण उघडतं]

यंत्रात दोन किरण आहेत. एकाच्या वाटेत थर बसलेली काच, दुसऱ्याच्या वाटेत तशीच, पण कोरी काच. कोरी काच विसरलात, तर काचेचं स्वतःचं शोषण आणि परावर्तन थराच्या खात्यात जमा होतं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी घाईत हीच पायरी गळते.

[दृश्य: पडद्यावर सरकणारा आलेख]

४०० नॅनोमीटरपर्यंत आलेख जवळपास सपाट. ३८० च्या अलीकडे तो एकदम चढतो. हीच शोषणाची कडा. पण चढ उभा नाही, तिरका आहे; मग कडा म्हणायची कुठल्या बिंदूला?

१९६६ साली यान टाउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्फटिकी जर्मेनियमसाठी यावर एक तोडगा वापरला. शोषण जसंच्या तसं न काढता, ऊर्जेने गुणून त्याचा योग्य घात घ्यायचा, म्हणजे कडेजवळचा भाग सरळ रेषेत येतो. ती रेषा खाली वाढवायची. ऊर्जेच्या आडव्या अक्षाला जिथे टेकेल, ती बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उडी घ्यायला लागणारी किमान ऊर्जा.

[दृश्य: वहीवर आकडेमोड]

आपल्या थराचे दोनच बिंदू घेऊ. तरंगलांबीने १२४० ला भागलं की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ३७६ नॅनोमीटरला ३.३०, अब्सॉर्बन्स, म्हणजे यंत्राने मोजलेलं शोषण, ०.३५. ३७० ला ३.३५, अब्सॉर्बन्स ०.८०. अब्सॉर्बन्सला २.३०३ ने गुणून जाडीने भागलं की शोषण गुणांक, म्हणजे α. त्याला ऊर्जेने, म्हणजे hν ने, गुणायचं. झिंक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन सरळ वर उडी घेतो, म्हणून वर्ग:

(αhν)²

रेषा खाली टेकते ३.२९ ला.

जाडी मोजताना चूक झाली, २०० ऐवजी ४०० धरली, तर? उभ्या अक्षावरचे सगळे आकडे चौपटीने घटतात, रेषा तिरपी पडते, पण पायाचा बिंदू हलत नाही. जाडीची चूक इथे माफ होते. घाताची होत नाही. वर्गाऐवजी वर्गमूळ घ्या:

(αhν)^(1/2)

याच दोन बिंदूंवरून उत्तर येतं ३.२०. आणि हा आलेखही पट्टी ठेवण्याइतका सरळ दिसू शकतो! तेव्हा नुसत्या सरळपणावरून घात ठरवता येत नाही. उडी कुठल्या जातीची, सरळ की आडवळणी, हे पदार्थाच्या रचनेतून आधी माहीत असावं लागतं.

[दृश्य: छापील आलेख, त्यावर फिरणारी पारदर्शक पट्टी]

आता पट्टी. खालच्या बाजूला वक्र हळूहळू उठतो. ती दोषांची शेपटी. वर तो पुन्हा आडवा व्हायला लागतो. मधला तुकडा आपला. पट्टी शेपटीकडे जरा झुकली की उत्तर घसरतं. कुठून कुठपर्यंत सरळ धरलं, ते आलेखावरच दाखवा. नुसता आकडा छापला तर वाचणाऱ्याला पट्टी तपासता येत नाही.

झिंक ऑक्साइडची आणखी एक खोड आहे. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी यांची जोडी सुमारे ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेली असते. त्यामुळे शोषण खऱ्या बँड गॅपच्या थोडं आधीच सुरू होतं. आपले ३.२९ हे त्या कडेचे आहेत, हे ध्यानात ठेवून वाचायचे.

[दृश्य: पिवळसर पूड, शेजारी पांढरी पूड]

मुद्दाम दुसरं मूलद्रव्य मिसळलेल्या नमुन्यात गॅपच्या आतही शोषण होतं, आणि आलेखाचा पायाच अक्षापासून वर उचलला जातो. अशा वेळी रेषा अक्षापर्यंत नेली तर गॅप खोटी कमी दिसते. पायालाही एक रेषा आखायची आणि दोघी जिथे छेदतात तिथली ऊर्जा वाचायची. प्रकाश-उत्प्रेरक दृश्य उजेडात काम करेल, असे दावे अनेकदा याच आकड्यावर उभे असतात.

[दृश्य: पट्टी आलेखावर टेकते, पेन्सिल दोन रेषा आखते]