कॅरमभोवतीची गर्दी

श्रोतेहो, नमस्कार.

शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत गणपतीत कॅरमच्या स्पर्धा लागल्या की बोर्डाभोवती माणसांचं कडं पडतं. त्या गर्दीत मुरलेला खेळाडू रंगात येतो, आणि नवखा पोरगा समोरची सोंगटीही घालवून बसतो. "घाबरलं पोरगं," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मग मुरलेल्याचा खेळ चढतो कशाने?

अमेरिकेत बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळावर याची पाहणी झाली. मायकल्स आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 1982 साली छापून आला. आधी खेळाडूंच्या नकळत त्यांचा खेळ पाहिला, मग चार जण टेबलाजवळ येऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे शंभरातले 71 फटके बसत होते, ते 80 झाले. कच्च्यांचे 36 वरून 25 वर आले. बघे तेच होते!

याचा उलगडा रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 सालीच करून ठेवला होता. आजूबाजूला कोणी असलं की अंगात एक प्रकारची उत्तेजना येते, आणि हाताला जे सगळ्यात सवयीचं असतं तेच जोराने बाहेर पडतं. मुरलेल्याच्या हाताला हलका, नेमका कट सवयीचा असतो, त्यामुळे तोच बसतो. नवख्याच्या हाताला काय सवयीचं? स्ट्रायकर ताडकन मारणं. दुपारी एकटा असताना तो थांबून, कोन बघून मारायचा. गर्दीत ते थांबणंच सुटतं. म्हणून चूक कशी होते ते बघा. रोजचीच जुनी खोड वर आली, तर तो फटका अजून पक्का झालेला नाही असं समजा.

हे सगळं लोकलाजेपोटी होतं का? पुढे 1969 मध्ये झायन्स यांनी चक्क झुरळं घेतली. उजेडापासून पळून अंधाऱ्या डबीत शिरायचं, एवढंच काम. शेजारच्या पारदर्शक डब्यांत दुसरी झुरळं बघायला बसवली. वाट सरळ होती तेव्हा झुरळ लवकर पोचलं. वळण आलं तेव्हा एकट्यापेक्षा जास्त वेळ लागला. झुरळाला कसली आलीय लाज! माणसाच्या बाबतीत मात्र, आपल्याला कोणीतरी जोखतंय ही धास्ती त्यात भर घालते, असं इतरांच्या प्रयोगांत दिसलं आहे.

एक मात्र सांगायला हवं. बाँड आणि टायटस यांनी 1983 मध्ये असे 241 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा परिणाम एकंदरीत लहानच निघाला. सरावाची जागा गर्दी घेत नाही.

झायन्स यांनी विद्यार्थ्यांना गमतीने सल्ला दिला होता: अभ्यास एकट्याने, बंद खोलीत करा, परीक्षा मात्र स्टेजवर, भरगच्च प्रेक्षकांपुढे द्या. निकाल थक्क करणारा लागेल; अर्थात, धडा मुळात पाठ झालेला असेल तर.

नमस्कार.