केशराची काडी आणि हिंगाचा खडा

(डिचोलीतल्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाआधी आपल्याकडे पुरुमेंताची खरेदी होते. हरमलची मिरची मोडून बघायची, सोलं हुंगायची, चिंचेत चिंचोके किती ते चाचपायचं, ही पारख इथल्या घराघरात आहे, कारण त्या वस्तू आपल्या डोळ्यांदेखत पिकतात. केशर आणि हिंग आपल्या मातीतले नाहीत. तिथे आपण डबीवरच्या चित्रावर विश्वास ठेवतो. म्हापशाला माझं मसाल्याचं दुकान होतं, तिथे मीही एकदा तसाच विश्वास ठेवला होता.

चवथीच्या आधीचे दिवस होते. नेहमीचा माल संपला म्हणून मी एका नव्या घाऊक व्यापाऱ्याकडून केशर घेतलं, नेहमीपेक्षा निम्म्या भावात. तीनच दिवसांत एक शिक्षिका डबी घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, प्रसादाचा शिरा लालभडक झाला, पण वास काही नाही." मी त्यांच्यासमोरच पांढऱ्या बशीत गार पाणी घेतलं आणि त्यांच्या डबीतल्या चार काड्या टाकल्या. काड्या पाण्याला लागताच तांबडा रंग सुटला. दोन मिनिटांत काड्या फिकट पडल्या. चिमटीत चोळल्या तर त्यांचा लगदा झाला. रंगवलेले मक्याच्या कणसाचे केस होते ते. मी त्यांचे पैसे परत केले आणि उरलेला सगळा माल टाकून दिला.

हीच परीक्षा खऱ्या केशरावर करून बघा. पहिलं मिनिटभर जवळजवळ काहीच होत नाही. मग काडीच्या टोकाकडून एक पिवळा धागा पाण्यात उतरतो, पिवळा, तांबडा नव्हे. दहा-पंधरा मिनिटांत पाणी सोनेरी होतं आणि काडी मात्र लालच राहते. ओली काडी चोळली तरी तुटत नाही. भिंगातून पाहिली तर एक टोक बारीक आणि दुसरं तुतारीसारखं फाकलेलं दिसतं. फुलाच्या स्त्रीकेसराचा तो आकार मक्याच्या केसाला किंवा करडईच्या पाकळीला आणता येत नाही. शेवटी काडी जिभेवर ठेवा. केशर कडवट लागतं. गोड लागलं तर वजन वाढवायला मध किंवा साखरेचा पाक लावलेला आहे. तेल लावलेलं असेल तर कोऱ्या कागदात दाबल्यावर डाग उमटतो.

फोनवर खाण्याच्या सोड्याची परीक्षा फिरते, पाणी पिवळं झालं तर केशर खरं म्हणून. तिच्यावर विसंबू नका. केशराला लावतात तो पिवळा रंगही सोड्यात पिवळाच राहतो. आणि बशीतल्या परीक्षेलाही मर्यादा आहे. जुनं, वास गेलेलं केशर तिच्यात पास होतं, कारण रंग टिकतो आणि वास उडून जातो. म्हणून डबी उघडल्यावर नाक आधी, डोळे नंतर.

आता भाव. एका फुलात तीनच काड्या असतात. एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, म्हणजे ग्रॅमला दीडशे. ही फुलं काश्मीरमधल्या पाम्पोरच्या शेतांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात हातांनी खुडतात आणि त्यांतल्या काड्याही हातांनीच वेगळ्या करतात. समजा कोणी तुम्हाला 'अस्सल काश्मिरी' म्हणून ग्रॅमभर डबी दीडशे रुपयांना देतो आहे. म्हणजे एका फुलाला एक रुपया. त्या रुपयात खुडणं, निवडणं, सुकवणं, गोव्यापर्यंतची वाहतूक, डबी आणि दोन दुकानदारांचा नफा बसवून बघा. बसत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात अफगाणिस्तानातून माल येण्याची पाकिस्तान सीमेवरची अटारीची वाट बंद झाली, तेव्हा काश्मिरी केशर किलोला पाच लाखांच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे ग्रॅमला पाचशे. भाव वरखाली होतो, पण अंदाज यातून येतो.

स्वस्त आहे म्हणजे खोटंच, असंही नाही. जगातलं बहुतेक केशर इराणात पिकतं आणि ते उत्तम असतं, फक्त ते काश्मिरीच्या भावाने घेऊ नये. या दोघांतला फरक बशीत कळत नाही. तिथे 2020 मध्ये काश्मिरी केशराला मिळालेलं भौगोलिक मानांकन डबीवर आहे का, ते बघावं लागतं. काश्मिरीतही 'मोंगरा' म्हणजे नुसती लाल काडी, आणि 'लच्छा' म्हणजे तिच्या पिवळ्या देठासकट. देठात रंगही नाही आणि वासही नाही, पण तो वजनात मोजला जातो. म्हणून लच्छा कमी भावातच घ्यायचा. सुटं, उघड्या बरणीतून तोलून दिलेलं केशर आपल्या पावसाळ्यात तर नकोच. हवेतला ओलावा शोषून ते जड होतं आणि आपण पाण्याचे पैसे मोजतो.

हिंगाकडे वळलो की नियमच उलटतो. केशरात काही मिसळलं की ती फसवणूक. हिंगात मिसळणं हीच रीत आहे. हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडच्या एका झाडाच्या मुळाला चीर देऊन काढलेला चीक. तो इतका उग्र असतो की तसाच फोडणीत घालणं अवघड. म्हणून हाथरससारख्या ठिकाणी त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळून 'बांधानी हिंग' करतात. आपण दुकानात घेतो ते हेच. त्याची भेसळ म्हणून तक्रार करता येत नाही. प्रश्न एवढाच, की त्यात हिंग किती.

म्हणून ज्या परीक्षा सांगितल्या जातात त्या समजून करा. शुद्ध हिंगाचा खडा कापरासारखा पेटतो, हे खरं. पण बांधानी तसा पेटत नाही, कारण पीठ आहे. आयोडीनने निळं पडणं, हेही पिठामुळेच. पाण्यात ढवळल्यावर दुधाळ होणं मात्र शुद्ध हिंगाच्या चिकाचाही गुण आहे. काळजीची गोष्ट वेगळी आहे: पेल्याच्या तळाशी खरखरीत, मातीसारखा गाळ बसला, तर दगडाची पूड घातलेली आहे. तो हिंग टाकून द्यावा. परका राळ किंवा डांबरापासूनचा रंगही कायद्याने चालत नाही.

ताकद कळण्यासाठी डबी उलटी करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मैदा पहिला आणि हिंग तिसरा असेल, तर तुम्ही मुख्यत्वे मैदा विकत घेताय. आणि ज्यांना गव्हाचं पथ्य आहे त्यांनी तर ही ओळ वाचल्याशिवाय डबी घेऊच नये.

मग भाव कसा ठरवायचा? माझ्या घरी मी असं केलं. पिवळ्या भुकटीची 50 ग्रॅमची डबी 90 रुपयांची होती. बांधानी खड्याची तेवढीच डबी 250 ची. एकसारखं वरण दोन टोपांत शिजवलं. भुकटी साधारण अर्धा ग्रॅम घातली तेव्हा घमघमाट आला. खडा मात्र ग्रॅमच्या दहाव्या भागात तेवढाच लागला. हिशेब केला तर भुकटीच्या डबीत शंभर फोडण्या, फोडणीला 90 पैसे. खड्याच्या डबीत पाचशे फोडण्या, फोडणीला 50 पैसे. महाग दिसणारी डबी स्वस्त निघाली. प्रत्येक महाग डबी अशीच निघेल असं नाही, म्हणून एकदा दोन टोप चढवून बघाच.

मागे बसलेल्या काकींनी विचारलं की पावसात खडा चिकट होतो तो बिघडला का. नाही, काकी. चीक आहे तो, ओलाव्याने मऊ होणारच. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, बाकी मसाल्यांपासून लांब ठेवा, नाहीतर तुमच्या वेलचीलाही त्याचा वास लागेल. वापरताना सुरीने लहान कण खरवडून गरम तेलात सोडा आणि फुलला की लगेच मोहरी.