भारताची जनगणना: एक आकडा, दोन उतार

(पडद्यावर: १९०१ ते २०११ च्या जनगणनांचा साधा रेषालेख. उभ्या अक्षावर २०, ४०, ६०, ८० कोटी असे समान टप्पे.)

१९०१ साली भारताची लोकसंख्या होती सुमारे २३ कोटी ८४ लाख. २०११ साली ती १२१ कोटींवर गेली. हा आलेख बघितला की रेषा आधी जमिनीला चिकटून चालते आणि मग वर वर, आणखी वर चढत जाते. शेवटची दशकं सगळ्यात उभी दिसतात. बघणारा म्हणणारच, "वाढ काही थांबायला तयार नाही."

आता आकडे तेच ठेवू, फक्त उभा अक्ष बदलू.

(पडद्यावर: अक्षावरचे आकडे सरकतात. २०, ४०, ८०, १६०. प्रत्येक दोन आकड्यांत ५ सेंटिमीटर.)

हा लघुगणकीय अक्ष, बोलीभाषेत लॉग स्केल. इथे एकेक पायरी चढताना ठरावीक कोटी मिळवायचे नाहीत, दुप्पट करायची. वीसचे चाळीस व्हायला जेवढी उंची लागते, तेवढीच ऐंशीचे एकशेसाठ व्हायला. त्यामुळे रेषेचा चढ इथे किती माणसं वाढली ते सांगत नाही, किती टक्क्यांनी वाढली ते सांगतो.

दोन दशकं शेजारी शेजारी ठेवून बघू. १९६१ ते ७१ मध्ये लोकसंख्या ४३.९ कोटींवरून ५४.८ कोटी झाली. भर पडली जवळपास ११ कोटींची. २००१ ते ११ मध्ये १०२.९ वरून १२१.१ कोटी, म्हणजे भर १८ कोटींची. साध्या आलेखात १० कोटींना १ सेंटिमीटर धरलं, तर पहिलं दशक १.१ सेंटिमीटर चढतं आणि दुसरं १.८. लॉग आलेखात पहिलं चढतं १.६ आणि दुसरं जेमतेम १.२. चढ उलटला! कारण पहिल्या दशकातली वाढ होती २४.८ टक्के, दुसऱ्यातली १७.७.

आणि याच आलेखात ते वळण दिसतं, जे साध्या आलेखात शोधूनही सापडत नाही. १९११ ते २१ मध्ये, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या दशकात, रेषा आडवी, किंचित खालीच. पुढे ती उचलते. १९५१ नंतर चढ एकदम वाढतो, १९६१ ते ९१ ही तीस वर्षं रेषा जवळजवळ सरळ जाते, आणि मग हळूहळू वाकते. इथे एक खबरदारी. रेषा वाकली म्हणजे लोकसंख्या घटली असं नव्हे. वाढीचा वेग मंदावला, माणसं वाढतच होती. घट झाली असती तर रेषा खाली उतरली असती.

(पडद्यावर: रेषेला लावलेली पट्टी.)

दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील, तेही पट्टीने मोजता येतं. दुपटीची उंची ५ सेंटिमीटर. दशकाला १.६ चा चढ असेल तर ती गाठायला सुमारे ३१ वर्षं लागतात. १.२ च्या चढाला चाळिशी उलटते.

घोटाळा होतो तो दोन रेघांच्या मधला आकडा वाचताना. १९७१ चा बिंदू ४० आणि ८० च्या मध्याच्या जरा खाली आहे. सवयीचा डोळा म्हणतो, ५८ कोटी. खरा आकडा ५४.८. कारण या अक्षावर ४० आणि ८० चा बरोबर मध्य ६० नसतो, तो ५६.६ च्या आसपास असतो. तीन कोटींची चूक अशी नुसत्या नजरेने होते. म्हणून असा आलेख काढणाऱ्याने मधल्या रेघा दाखवायलाच हव्यात. त्या वर जाताना दाटत गेल्या की समजावं, अक्ष लॉगचा आहे.

या अक्षावर शून्यही नसतो. कितीही वेळा निम्मे करा, शून्य येत नाही. म्हणून इथे स्तंभालेख काढणं मला मुळीच पटत नाही. स्तंभाची उंची तळाचा आकडा कुठला घेतला यावर ठरते, आणि तो तर आपणच ठरवलेला.

उलट, लहानमोठे प्रदेश एकत्र दाखवायला याच्यासारखी सोय नाही. २०११ चा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा, गोवा साडेचौदा लाखांचा. साध्या अक्षावर गोवा तळाशी दिसेनासा होतो. इथे दोन्ही रेषा नीट दिसतात. मात्र त्यांच्यातलं अंतर हा पटीतला फरक असतो. १९७१ ला महाराष्ट्र गोव्याच्या ६३ पट होता, २०११ ला ७७ पट, आणि रेषा तेवढ्याच थोड्या लांब गेल्या आहेत.

(पडद्यावर: १९६१ ते ९१ ची सरळ रेषा तुटक करून २०११ पर्यंत वाढवलेली.)

ती तीस वर्षांची चाल तशीच राहिली असती, तर २०११ ला आकडा १३१ कोटींच्या घरात गेला असता. प्रत्यक्षात आला १२१. तुटक रेषा आणि खरी रेषा यांच्यात इथे अर्ध्या सेंटिमीटरहून थोडंच जास्त अंतर आहे. माणसं मात्र १० कोटी. याच अक्षाच्या तळाशी, २० ते ३० कोटींच्या दरम्यान, त्याच १० कोटींनी जवळपास ३ सेंटिमीटर जागा घेतली आहे.