वजनकाटा धाप मोजत नाही

(फोंडा तालुक्यातील शारीरिक शिक्षण शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझ्या वर्गात आठवीला दोन मुलगे होते. दोघांची उंची बरोबर १५० सेंटिमीटर. पहिल्याचं वजन ५४ किलो, दुसऱ्याचं साडेचाळीस. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, म्हणजे इथे २.२५ नं. पहिल्याचा बीएमआय आला २४, दुसऱ्याचा १८. मी तक्त्यात पहिल्यासमोर ‘वजन जास्त’ असा शेरा मारला आणि दुसऱ्यासमोर ‘ठीक’. पहिला पोरगा कबड्डीत चढाईला जायचा. तो शेरा त्यानं वाचला, आणि पुढचे आठ दिवस मधल्या सुट्टीत डबाच उघडला नाही. हे मला त्याच्या आईनं सांगितलं, तेव्हा कळलं.

मग एका सकाळी मी दोघांना पळवलं. चढाईवाल्यानं वीस मीटरच्या ४८ फेऱ्या मारल्या. ‘ठीक’ असलेला २१ व्या फेरीनंतर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

आता यात बीएमआयचा दोष किती आणि आपला किती? बेल्जियमच्या केटले नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १८३० च्या दशकात हे गुणोत्तर मांडलं ते लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ शोधायला. बीएमआय हे नाव तर १९७२ चं. अनेक माणसांचा एकत्र अंदाज घ्यायला ते चालतं. पण काट्यावर उभा असलेला किलो हा मांसाचा, हाडाचा की चरबीचा, हे काट्याला कळत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच दाखला छापला होता: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२. जास्तवाले आपले याज्ञिक. म्हणजे आपल्याकडचा सडपातळ दिसणारा पोरगा ‘ठीक’ म्हणून सोडून देण्यात जास्त धोका.

शिवाय मुलं वाढत असतात. सातवी ते नववीत बीएमआय वाढणं हा वयाचा धर्म आहे. त्यामुळे मुलांना मोठ्यांचा आकडा लावायचा नसतो, वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाढीचा तक्ता लावायचा. तेही वाढीबद्दल सांगतं, दमाबद्दल नाही.

मी ज्या चाचणीवर आता विसंबतो ती कॅनडाच्या लेजे यांची, वीस मीटरची ये-जा धाव. जांभ्याच्या अंगणात टेपनं मोजून चुन्याच्या दोन रेघा मारा. मोबाइलवर बीपची ध्वनिफीत, जोडीला स्पीकर. पहिल्या मिनिटाला वेग ताशी ८.५ किलोमीटर, म्हणजे एका फेरीला साधारण साडेआठ सेकंद. दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरनं चढतो. सलग दोनदा बीपच्या आत रेघ गाठता आली नाही की थांबायचं. शेवटची पूर्ण फेरी लिहून घ्यायची. माझा चढाईवाला थांबला तेव्हा वेग ताशी ११ होता.

चुका ठरलेल्या असतात. पहिल्या मिनिटाला सगळी पोरं वाघ मागे लागल्यासारखी पळतात आणि तिसऱ्या मिनिटाला बसतात. म्हणून पहिली दोन मिनिटं सरांनी किंवा बाईंनी सोबत पळावं. काही जण रेघेला पाय न लावताच वळतात. दर पाच-सहा मुलांमागे रेघेवर एक नजर हवी. आणि ध्वनिफिती दोन प्रकारच्या मिळतात: एक ८.५ पासून सुरू होते, दुसरी ८ वर सुरू होऊन एकदम ९ वर उडी मारते. नोव्हेंबरला एक आणि फेब्रुवारीला दुसरी लावलीत तर तुलनाच संपली. पहिल्यांदा पळताना पोरं बुजतात, म्हणून एक सराव झाल्याशिवाय आकडा वहीत घेऊ नका.

वेळ सकाळी साडेसातची. आपल्याकडच्या दमट उकाड्यात अकरा वाजता घेतलेली चाचणी उन्हाची होते, पोराची नाही. पावसात तर नकोच, जांभ्यावर शेवाळ धरतं. दमा, हृदयाचा त्रास किंवा नुकताच ताप येऊन गेलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळवू नका.

ही धाव पायांच्या ताकदीबद्दल फारसं सांगत नाही. त्यासाठी जागेवरून लांब उडी घ्या: दोन्ही पाय रेघेमागे, तीन उड्या, मागच्या टाचेपर्यंत मोजलेली सर्वांत लांब उडी लिहा. खेलो इंडियाच्या तपासणीत बीएमआय भरावाच लागतो, तो भरा. पण नऊ वर्षांच्या आणि पुढच्या मुलांसाठी त्याच यादीत ६०० मीटर धाव आहे, तिचा रकाना आपण अंदाजानं भरतो. तो निदान घड्याळ लावून भरा.

मुलांची एकमेकांशी तुलना मी करत नाही. एकाच इयत्तेत कोणी वयात आलेला असतो, कोणी नसतो. वहीत प्रत्येकाचं पान वेगळं, आणि ते इतरांना दिसत नाही. त्या ‘ठीक’ पोराच्या पानावर नोव्हेंबरला २१ होते, फेब्रुवारीला ३०. त्याचा बीएमआय त्या तीन महिन्यांत १८ चा १८.२ झाला.