तंबू गळत नव्हता, मीच गळत होतो

बसा, मागचेही बसून घ्या. विषय आहे पावसाळी तंबू, एकपदरी की दुपदरी. पण आधी माझं भांडण सांगतो.

जुलैचा महिना, राजमाची. आम्ही दोघं माझ्या नव्याकोऱ्या एकपदरी तंबूत झोपलो. हलका, पाच मिनिटांत उभा राहणारा, म्हणून खूश होतो. पहाटे नाकावर टप्पकन थेंब पडला. हात लावला तर सगळं छत ओलं आणि स्लीपिंग बॅगचं टोक भिजलेलं. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत मी दारात! दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, गच्चीवर उभा करा, अर्धा तास पाइपने पाणी मारा. आत कुणी बसायचं नाही." मारलं. आत कोरडा ठणठणीत! मग त्याने विचारलं, "त्या रात्री आत कोण होतं?" (हशा)

रात्रभरात माणूस श्वासातून आणि त्वचेतून बरंच पाणी बाहेर टाकतो. बाहेर पावसाने गार झालेलं कापड, आत आपली उबदार वाफ. ती कापडाला लागून गार होते आणि तिचे थेंब बनतात. खरी गळती असेल तर पाणी शिवणीवरून किंवा एखाद्या कोपऱ्यातून येतं. वाफ असेल तर सगळं छत सारखं घामेजतं. आमच्या सौंना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण ते असो.

दुपदरी तंबूत वाफ थांबत नाही, हे नीट ऐका. सह्याद्रीच्या पावसात हवाच इतकी दमट की फ्लायच्या, म्हणजे बाहेरच्या पदराच्या, आतल्या बाजूला थेंब धरणारच. फक्त ते आतल्या जाळीवर अडतात किंवा फ्लायवरून खाली ओघळतात, तुमच्या नाकावर येत नाहीत. त्यासाठी दोन पदरांत हातभर नाही तरी चार बोटं अंतर हवं. नायलॉनची फ्लाय भिजली की सैल पडते. झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा. आणि फ्लाय आधी उभी राहील असाच तंबू घ्या, नाहीतर आतला पदर लावता लावताच भिजतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, आकडे पटकन. फ्लायवर ३००० मिमी लिहिलेलं असतं, म्हणजे चाचणीत कापडावर तीन मीटर उंच पाणी चढवलं तेव्हा ते झिरपू लागलं. पडणारा पाऊस एवढा दाब देत नाही, त्यामुळे नवं कापड आणि शिवणींवर टेप असेल तर तेवढं चालतं. खरी गोम तळाची. साठ किलोचा माणूस गुडघ्यांवर टेकला आणि भार १०० चौरस सेंटीमीटरवर आला, तर दाब सहा मीटर पाण्याइतका होतो. म्हणून ५००० मिमीचा तळही ओल्या जमिनीवर गुडघ्याखाली पाझरू शकतो. दहा हजारांच्या फ्लायसाठी जास्त पैसे मोजू नका, तळाचा आकडा विचारा आणि आत फोमची मॅट अंथरा. तंबू ओला गुंडाळून माळ्यावर ठेवू नका. कापडावरचा पाणी अडवणारा लेप चिकट होऊन सुटतो, मग लेबलवरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

गच्चीवरची चाचणी मात्र विकत घेतल्या दिवशीच करा, आणि आत कुणाला बसवू नका.