ऐकणाऱ्याला मिरी ऐकू आली
(भुसावळ येथे इंग्रजीच्या शिक्षकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

शिक्षक बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे बाजारात कुणी ‘केयी’ म्हणाला तर केळीच मिळतात. ‘डोया दुखस’ म्हटलं तर डॉक्टर डोळाच तपासतात. ‘ळ’चा ‘य’ झाला, तरी सांगायचं होतं ते पोचलं. बोलण्याला गुण देताना आपण हाच विचार विसरतो. मुलगा इंग्रजी बोलायला उभा राहिला की त्याचा हेल आधी आपल्या कानात शिरतो, आणि तो काय म्हणाला ते मागून येतं. मग आपण गुणही हेलालाच देतो.

मोठ्या परीक्षांचे निकष पाहिले तर चित्र वेगळं आहे. परदेशात शिकायला जाणारे देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याला गुण देताना चार गोष्टी पाहतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारही गोष्टींना सारखंच वजन आहे, म्हणजे उच्चाराला एक चतुर्थांश. आणि उच्चाराच्या वरच्या बँडचं, म्हणजे वरच्या गुणपातळीचं वर्णन हेल पुसला गेला का असं विचारत नाही. हेलामुळे समजण्यात किती अडथळा येतो, एवढंच विचारतं. भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपच्या भाषा-चौकटीनेही हेच केलं. 2001 साली आलेल्या चौकटीतली उच्चाराची श्रेणी नकळत मातृभाषिकालाच मोजपट्टी धरून बेतलेली होती, म्हणून 2018च्या पुरवणीत ती नव्याने लिहिली गेली. आता अगदी वरच्या पातळीवरही दुसऱ्या भाषेचा हेल राहिलेला चालतो, फक्त त्याने कळण्यात बाधा येता कामा नये.

यामागे एक साधं निरीक्षण आहे. 1995 साली कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी चिनी मातृभाषा असलेल्या लोकांचं इंग्रजी, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या श्रोत्यांना ऐकवलं. श्रोत्यांनी तीन कामं केली: ऐकलेलं लिहून काढलं, समजायला किती कष्ट पडले ते सांगितलं आणि हेल किती जाणवला ते सांगितलं. ज्या वाक्यांना ‘हेल फार जड आहे’ असं म्हटलं गेलं, त्यांतली कितीतरी वाक्यं त्याच श्रोत्यांनी शब्दन्‌शब्द बरोबर लिहिली होती. म्हणजे कळणं, कळायला कष्ट पडणं आणि हेल जाणवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची एकच मोळी बांधतो आणि विद्यार्थ्याच्या डोक्यावर ठेवतो.

आता एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. चोपड्याकडची मुलगी, घरी केळीची शेती. शेतकी पदवीनंतर परदेशात शिकायला जायचं म्हणून ती आयईएलटीएसची तयारी करत होती. माझ्याकडे आली तेव्हा तिचे चार महिने व्हिडिओ पाहून ‘अमेरिकन उच्चार’ घोटण्यात गेले होते. ‘थँक यू’मधला थ जीभ दातांत धरून म्हणायचा, र गोल करायचा, यावर सगळा जोर. बोलताना तिचं अर्धं लक्ष जिभेकडे असायचं, त्यामुळे वाक्यं मध्येच अडकायची.

मी तिला परीक्षेच्या दुसऱ्या भागासारखं काम दिलं: एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटं बोलणं. विषय दिला, तुमच्या भागात पिकणारी एक वस्तू. ती अर्थातच केळीवर बोलली, आणि छान बोलली. मला सगळं कळलं. पण माझं कळणं कामाचं नाही, हे मला तेव्हा नीट उमगलं. मी याच मातीतला. तिच्या तोंडातून कोणता शब्द येणार ते मला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे माझा कान तिच्या चुका परस्पर दुरुस्त करतो. आपण सगळे शिक्षक या बाबतीत कच्चे परीक्षक आहोत, हे आधी मान्य करू.

म्हणून ते ध्वनिमुद्रण मी मराठी न येणाऱ्या दोघांना दिलं. एक तमिळ गृहस्थ, एक बंगाली बाई, दोघंही इथल्या रेल्वे वसाहतीतले. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात असे कान शोधायला लांब जावं लागत नाही. विषय सांगितला नाही. फक्त म्हटलं, ऐका, एकेका वाक्याला थांबवा आणि ऐकलंत तसं लिहा. थांबून पुन्हा ऐकावं लागलं तिथे रेघ मारा.

कागद परत आले. त्यांवर लिहिलं होतं की केळीच्या खोडापासून मिरी बनवतात, आणि व्यापारी येऊन शेतकऱ्याचं कर्ज ठरवतो.

ती म्हणाली होती की खोडापासून कागद बनवतात, आणि व्यापारी काढणीची तारीख ठरवतो.

काय झालं ते देवनागरीत लिहून पाहा. मिरीला इंग्रजीत म्हणतात पेपर. कागदाला म्हणतात पेपर. कर्ज म्हणजे डेट, तारीख म्हणजेही डेट. मिळणे गेट, फाटक गेट. पत्र लेटर, नंतर लेटर. चाचणी टेस्ट, चव टेस्ट. पश्चिम वेस्ट, आणि कचराही वेस्ट. आपल्या लिपीत ए एकच. त्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही, कारण मराठीत त्याची गरज पडत नाही. इंग्रजीत मात्र हे दोन अगदी वेगळे स्वर आहेत आणि त्या फरकावर शेकडो शब्दांच्या जोड्या उभ्या आहेत. आमची मुलं इंग्रजी शब्द देवनागरीतून पाठ करतात, म्हणून दोन्ही खणांतला माल एकाच खणात जाऊन पडतो.

दोन्ही कागद मिळून अकरा ठिकाणी गडबड होती. त्यांतली सात ठिकाणं या एकाच ए ची. तीन ठिकाणी शब्द बरोबर लिहिला होता, पण रेघ होती. तिथे ‘डेव्हलप’ आणि ‘इंडस्ट्री’ हे शब्द होते. इंग्रज ‘डेव्हलप’मध्ये आघात व्हे वर देतो आणि ‘इंडस्ट्री’मध्ये इं वर. ती नेमकं उलट करत होती. एका ठिकाणी दोन वाक्यं एका दमात जोडली गेली होती. आणि चार महिने घोटलेला थ? जिथे तो सुटून आपला साधा दंत्य थ आला होता, तिथे एकही रेघ नव्हती. जिभेची अणी वळवून काढलेल्या ट-ड वरही नाही. दोघांनाही ते कळत होतं, त्रास होत नव्हता.

उद्दिष्ट ठरवण्याचा रस्ता इथून निघतो. कागदावर तीन रंग करा. शब्दच हरवला किंवा भलताच झाला तिथे लाल. कळला पण थांबावं लागलं तिथे पिवळा. नुसता वेगळा वाटला तिथे हिरवा. लाल आधी घ्या, पिवळा मागून, आणि हिरव्याला हात लावू नका. लालमध्येही सगळं एकदम घेऊ नका. ज्या एका कारणाने सर्वांत जास्त शब्द बुडतात, तेवढंच धरा.

‘उच्चार सुधारायचा’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते कधी संपलं ते कळत नाही. आम्ही लिहिलं: तीन आठवड्यांनी बारा जोड्यांमधला कोणताही शब्द मी वाक्यात म्हटला, तर मराठी न येणाऱ्या माणसाने दहापैकी नऊ वेळा तो बरोबर ओळखावा.

आणि यात मी तिला इंग्रजांसारखा ‘डेइट’ म्हणायला लावला नाही, हे मुद्दाम सांगतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडे तारखेच्या स्वरात शेवटी इ ची छटा येते. स्कॉटलंडमध्ये बरेच लोक सरळ एकाच जागी ठेवलेला ए म्हणतात, आणि भारतात नीट इंग्रजी बोलणारेही तसंच म्हणतात. तेवढ्याने भागतं. तारखेचा ए ताणायचा. कर्जाचा ए आखूड ठेवायचा आणि तोंड किंचित जास्त उघडायचं. एवढा फरक ऐकणाऱ्याला पुरतो.

पहिला आठवडा बोलायचंच नाही, फक्त ऐकायचं. मी पेपर म्हणायचो आणि ती दोन चित्रांपैकी एकावर बोट ठेवायची, मिरी किंवा कागद. पहिल्या दिवशी तिचा कौल निम्म्या वेळा चुकला, म्हणजे तिला तो फरक ऐकूच येत नव्हता. जे कानाला कळत नाही ते तोंडाकडून घोटून घेणं फुकट असतं. कान तयार झाल्यावर भूमिका बदलली: ती म्हणणार आणि मैत्रीण बोट ठेवणार. मैत्रिणीने चुकीच्या चित्रावर बोट ठेवलं की वेगळं सांगावं लागत नाही. तिसऱ्या पायरीला वाक्यं, आणि शेवटी मोकळं बोलणं.

दोन गोष्टी बिघडल्या, त्या तुमच्याकडेही बिघडतील. एक म्हणजे तिने सगळेच ए ताणायला सुरुवात केली. मिळण्याचं गेटही फाटकाचं झालं. हे जोडीतला एकच शब्द घोटल्याने होतं, दोन्ही शब्द उलटसुलट आले पाहिजेत. स्पेलिंगचा आधार थोडा मिळतो: शेवटी मुका ई असेल किंवा मध्ये ए-आय अशी अक्षरं असतील तर स्वर बहुधा लांब. पण ‘म्हणाला’ या अर्थाच्या सेडमध्ये तीच अक्षरं आहेत आणि स्वर आखूड आहे, तेव्हा त्यावर विसंबू नका. दुसरं, चित्रांवर दहापैकी दहा आणि मोकळं बोलताना पुन्हा मिरी. हे साहजिक आहे, कारण बोलताना लक्ष मजकुराकडे जातं. म्हणून उद्दिष्ट गाठलं की नाही ते शब्दांच्या यादीवर ठरवू नका. नवीन विषय, नवीन श्रोता, दोन मिनिटं.

या रस्त्याची मर्यादाही सांगतो. नुसते सुटे स्वर स्वच्छ झाल्याने उच्चाराचा वरचा बँड मिळत नाही. तिथे आघात, लय आणि वाक्य अर्थानुसार तोडून बोलणं हेही पाहतात, कारण ऐकणाऱ्याचे कष्ट त्यानेच कमी होतात. पिवळ्या रेघा सोडून द्यायच्या नाहीत, फक्त त्यांची पाळी दुसरी.

तीन आठवडे कमी पडले, पाच लागले. मग नवं ध्वनिमुद्रण नव्या श्रोत्याला दिलं, एका मल्याळी शिक्षिकेला. कागदावर लाल एकच, कचऱ्याच्या जागी पश्चिम. आमच्या मुलीचा थ अजून खानदेशी आहे. आता आम्ही ‘डेव्हलप’ घेतला आहे.

तुमच्यापुढे चित्रांची पाकिटं ठेवली आहेत. शेजारच्याबरोबर जोडी करा. आधी फक्त ऐकायचं आणि बोट ठेवायचं. सुरुवात मिरी आणि कागदापासून करू.